बेरजेचे वितरण कसे ओळखावे? — उपनगरांतील रुग्णसंख्येच्या उदाहरणाने परिबल-जनक फलनाचा अभ्यास

पावसाळ्यात मुंबईच्या उपनगरांत ज्या रोगांवर विशेष लक्ष ठेवावे लागते, त्यांत लेप्टोस्पायरोसिस हा एक प्रमुख रोग आहे. उंदीर व इतर प्राण्यांच्या मूत्रातून या रोगाचे जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि अशा पाण्यातून चालणाऱ्या माणसाच्या पायावर जखम वा ओरखडा असल्यास तेथून शरीरात शिरतात. रोगाची लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसू लागतात. सामान्य आठवड्यात एखाद्या विभागात एक-दोन रुग्ण आढळतात, कधी एकही आढळत नाही. आकडे इतके लहान असताना तिसरा किंवा चौथा रुग्ण नोंदला गेला, तर तो निव्वळ योगायोग समजावा की साथीची चाहूल समजावी, हा प्रश्न नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे उभा राहतो.

प्रत्येक विभागापुरती एक 'इशारा-संख्या' ठरवून हा प्रश्न सोडविता येतो. परंतु अनेक विभागांचा एकत्रित तक्ता पाहणाऱ्या कार्यालयास एकूण बेरजेसाठीही अशी संख्या लागते. चारही विभागांच्या इशारा-संख्या मिळवून एकूण इशारा-संख्या काढावी, असे सहज वाटते. मात्र ही रीत चुकीची आहे. ती किती चुकते आणि बरोबर उत्तर कसे मिळते, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणाने दाखविले आहे. त्यासाठी सांख्यिकीतील 'परिबल-जनक फलन' या साधनाचा आधार घेतला आहे. महाविद्यालयांत ते 'मोमेंट जनरेटिंग फंक्शन' या नावाने शिकविले जाते.

चार विभाग, चार सरासऱ्या

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर हे चार विभाग घेऊ. पुढील आकडे प्रत्यक्ष नोंदींतील नसून केवळ रीत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत. साथ नसलेल्या काळात अंधेरीत आठवड्याला सरासरी २, बोरिवलीत १, मुलुंडमध्ये ०.५ आणि घाटकोपरमध्ये १.५ रुग्ण आढळतात असे मानू. चारही सरासऱ्यांची बेरीज ५ होते.

एखाद्या विभागात लोक लाखो असतात, पण एका आठवड्यात त्यांपैकी कोणा एकाला हा रोग होण्याची शक्यता अत्यल्प असते. शिवाय एकाचा रोग सहसा दुसऱ्याला थेट लागत नाही. अशा परिस्थितीत मिळणारी रुग्णसंख्या ज्या नियमाने कमी-अधिक होते, त्याला प्वासाँ वितरण म्हणतात. फ्रेंच गणितज्ञ प्वासाँ यांनी १८३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते मांडले. या वितरणात एकच प्राचल असतो, तो म्हणजे सरासरी. ती λ या अक्षराने दर्शविली, तर नेमके k रुग्ण आढळण्याची संभाव्यता अशी असते:

P(X = k) = e^(−λ) · λ^k / k!

इशारा-संख्येसाठी असा नियम ठरवू की, साथ नसतानाही जी संख्या गाठली जाण्याची संभाव्यता २ टक्क्यांहून कमी आहे, अशी लहानात लहान संख्या घ्यावयाची. वरील सूत्राने हिशेब केल्यास अंधेरीसाठी ६, बोरिवलीसाठी ४, मुलुंडसाठी ३ आणि घाटकोपरसाठी ५ या संख्या मिळतात. या चौघांची बेरीज १८ येते. आता प्रश्न असा की, चारही विभागांच्या एकूण रुग्णसंख्येसाठी १८ ही योग्य इशारा-संख्या आहे काय?

याचे उत्तर देण्यासाठी बेरजेचे वितरण माहीत असावे लागते. सरळ मार्गाने ते काढणे शक्य आहे, पण कष्टाचे आहे. एकूण ११ रुग्ण चार विभागांत ३६४ वेगवेगळ्या प्रकारांनी विभागलेले असू शकतात. प्रत्येक प्रकाराची संभाव्यता काढून त्या सर्व मिळविल्या म्हणजे केवळ ११ या एका संख्येची संभाव्यता हाती येते. हे कष्ट टाळण्याची युक्ती परिबल-जनक फलनात आहे.

बेरजेचा गुणाकार कसा होतो

लॉगॅरिथमच्या कोष्टकाने मोठ्या संख्यांच्या गुणाकाराचे रूपांतर बेरजेत करता येते, हे शिक्षकवर्गास परिचित आहे. परिबल-जनक फलन याच्या उलट काम करते. येथे मूळ क्रिया बेरजेची असून ती अवघड आहे. तिचे रूपांतर गुणाकारात केले की ती सोपी होते.

X ही एखाद्या विभागाची रुग्णसंख्या असेल, तर X ऐवजी e^(tX) ही राशी घ्यावी आणि तिची संभाव्यतेनुसार सरासरी, म्हणजे अपेक्षित मूल्य, काढावे. येथे t ही आपण निवडलेली कोणतीही संख्या असते. t बदलला की सरासरीही बदलते. म्हणून मिळालेली राशी हे t चे फलन होय:

M(t) = E[e^(tX)]

या फलनाचे t = ० येथे पहिले अवकलज काढल्यास X ची सरासरी मिळते आणि दुसरे काढल्यास X च्या वर्गाची सरासरी मिळते. या सरासऱ्यांनाच 'परिबले' म्हणतात व त्यावरून फलनाचे नाव पडले आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दोन गुणधर्म अधिक महत्त्वाचे आहेत.

पहिला गुणधर्म असा. X व Y या दोन विभागांच्या संख्या असतील, तर e^(t(X+Y)) म्हणजे e^(tX) गुणिले e^(tY). X आणि Y एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर गुणाकाराची सरासरी ही सरासऱ्यांच्या गुणाकाराएवढी असते. म्हणून बेरजेचे फलन हे दोन्ही फलनांचा गुणाकार होय. 'स्वतंत्र असतील तर' ही अट येथे मध्यवर्ती आहे. तिच्याकडे पुढे परत यावयाचे आहे.

दुसरा गुणधर्म ओळख पटविण्याचा आहे. शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या एखाद्या अंतरात, ते कितीही लहान असो, दोन चलांची परिबल-जनक फलने अस्तित्वात असून तंतोतंत सारखी असतील, तर त्या चलांची वितरणेही सारखीच असतात. कागदावरील अंगठ्याच्या ठशावरून जशी व्यक्ती ओळखता येते, तसे या फलनावरून वितरण ओळखता येते.

अशी ओळख केवळ सरासरी आणि प्रचरण यांवरून पटत नाही, हे ध्यानात ठेवावे. समजा एखादी संख्या दहापैकी आठ वेळा ५, एक वेळा ० आणि एक वेळा १० येते. तिची सरासरी ५ व प्रचरणही ५ आहे. ५ सरासरीच्या प्वासाँ वितरणातही हे दोन्ही आकडे ५ च असतात. तरीही पहिल्या प्रकारात ११ ही संख्या कधीच येऊ शकत नाही आणि दुसऱ्यात ती येऊ शकते. दोन आकडे जुळणे म्हणजे ठसा जुळणे नव्हे. संपूर्ण फलन जुळावे लागते.

उदाहरणाची सोडवणूक

प्रथम एका विभागाचे फलन काढू. प्वासाँ वितरणातील प्रत्येक संभाव्यतेला e^(tk) ने गुणून सर्व पदांची बेरीज करावी. λ^k आणि e^(tk) एकत्र केल्यास (λe^t)^k मिळते. या घातांना k! ने भागून केलेली बेरीज e^(λe^t) एवढी असते, कारण ती घातांकी श्रेणीच होय. बाहेर राहिलेला e^(−λ) तिला जोडला की फलन असे येते:

M(t) = e^(λ(e^t − 1))

आता चारही विभागांची फलने लिहू:

अंधेरी: e^(2(e^t − 1))
बोरिवली: e^(1(e^t − 1))
मुलुंड: e^(0.5(e^t − 1))
घाटकोपर: e^(1.5(e^t − 1))

चारही संख्या स्वतंत्र आहेत असे मानल्यास बेरजेचे फलन म्हणजे या चौघांचा गुणाकार. गुणाकारात घातांक मिळविले जातात, म्हणून

M(t) = e^((2 + 1 + 0.5 + 1.5)(e^t − 1)) = e^(5(e^t − 1))

उजवीकडील फलन ओळखीचे आहे. एका विभागाच्या फलनात λ च्या जागी ५ घातले असता जे येते, ते हेच. फलन एक म्हणून वितरणही एक. अर्थात चार विभागांची एकूण रुग्णसंख्या ही ५ सरासरी असलेल्या प्वासाँ वितरणानेच चालते. ३६४ प्रकार मोजण्याची गरज उरली नाही.

हा निष्कर्ष एका ठिकाणी हातानेही पडताळता येतो. चारही विभागांत मिळून एकही रुग्ण नसण्याची संभाव्यता म्हणजे चार स्वतंत्र शून्यांचा गुणाकार. e^(−2), e^(−1), e^(−0.5) आणि e^(−1.5) यांचा गुणाकार e^(−5) होतो, आणि ५ सरासरीचे सूत्रही शून्यासाठी तेच देते.

आता इशारा-संख्या काढणे सोपे आहे. ५ सरासरीच्या प्वासाँ वितरणात १० किंवा अधिक रुग्ण आढळण्याची संभाव्यता सुमारे ३.२ टक्के आणि ११ किंवा अधिक आढळण्याची सुमारे १.४ टक्के आहे. म्हणून एकत्रित तक्त्यासाठी योग्य इशारा-संख्या ११ ठरते, १८ नव्हे.

हा फरक किरकोळ नाही. साथ नसताना एकूण संख्या १८ वा त्याहून अधिक होण्याची संभाव्यता दहा लाखांत सुमारे पाच एवढीच आहे. आठवड्यांच्या हिशेबाने असे साडेतीन हजार वर्षांत सुमारे एकदा घडेल. एवढी कडक इशारा-संख्या ठरविणे म्हणजे प्रत्यक्ष साथ सुरू झाल्यावर ११ पासून १७ पर्यंतचे सर्व आकडे 'नेहमीचे' म्हणून फाईलमध्ये जाऊ देणे होय. बेरजेची रीत चुकण्याचे कारण असे की, चारही विभागांत एकाच आठवड्यात वाईटात वाईट योगायोग जुळून येतील असे ती गृहीत धरते. स्वतंत्र संख्यांत एका विभागाची वाढ दुसऱ्या विभागाच्या घटीने काही अंशी भरून निघत असते.

अट मोडली म्हणजे काय होते

वरील सर्व युक्तिवाद विभाग परस्परांपासून स्वतंत्र असण्यावर उभा आहे. उपनगरांच्या बाबतीत ही अट तपासल्यावाचून मान्य करता येणार नाही, कारण पाऊस चार विभागांत चार वेगळ्या मर्जीने पडत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी शहराच्या दक्षिण टोकाला कुलाबा येथे केवळ सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. एकच अतिवृष्टी अनेक उपनगरांत पाणी साचविते तेव्हा त्यांची रुग्णसंख्या एकाच वेळी वाढते.

याचा परिणाम आपल्या उदाहरणात पाहू. वर्षातील अर्धे आठवडे कोरडे व अर्धे ओले आहेत असे मानू. कोरड्या आठवड्यात प्रत्येक विभागाची सरासरी निम्मी आणि ओल्या आठवड्यात दीडपट होते. वर्षभराची सरासरी पूर्वीप्रमाणेच ५ राहते. पण एकूण संख्येची सरासरी कोरड्या आठवड्यात २.५ व ओल्या आठवड्यात ७.५ असते, म्हणून तिचे फलन असे येते:

M(t) = ½ e^(2.5(e^t − 1)) + ½ e^(7.5(e^t − 1))

हे फलन प्वासाँचे नाही आणि चार विभागांच्या वर्षभराच्या फलनांचा गुणाकारही नाही. ठसा जुळत नाही. म्हणून ओळखही पटत नाही. या वितरणाचे प्रचरण ५ ऐवजी ११.२५ भरते, आणि साथ नसताना ११ किंवा अधिक रुग्ण आढळण्याची संभाव्यता १.४ टक्क्यांवरून जवळजवळ ७ टक्क्यांवर जाते. म्हणजे खोटे इशारे पाचपट होतात. वारंवार खोटा इशारा मिळू लागला की खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होऊ लागते.

अट मोडली आहे हे नोंदींवरूनच ओळखता येते. त्यासाठी प्रथम साप्ताहिक एकूण संख्यांचे प्रचरण काढून त्याला सरासरीने भागावे. प्वासाँ वितरणात हे गुणोत्तर १ च्या आसपास असते. ५२ आठवड्यांच्या नोंदी घेतल्यास केवळ योगायोगाने ते १.३५ च्या वर जाण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. आपल्या ओल्या-कोरड्या उदाहरणात ते २.२५ येईल. गुणोत्तर इतके वाढलेले दिसल्यास दोष कोठे आहे हे शोधण्यासाठी प्रत्येक विभागाचे प्रचरण वेगळे काढून त्या चौघांची बेरीज करावी. विभाग स्वतंत्र असतील, तर ही बेरीज एकूण संख्येच्या प्रचरणाजवळ आली पाहिजे. उदाहरणात चौघांची बेरीज ६.८७५ येते आणि एकूण संख्येचे प्रचरण ११.२५ आहे. यांतील अंतर म्हणजे विभाग एकत्र वर-खाली होत असल्याचा पुरावा होय.

यावरील उपाय फलनाच्या वरील रूपातच दिसतो. त्यातील दोन्ही पदे, वेगवेगळी घेतली असता, प्वासाँचीच आहेत. कोरड्या आठवड्यांपुरते किंवा ओल्या आठवड्यांपुरते पाहिले, तर विभाग पुन्हा स्वतंत्र ठरतात व गुणाकाराचा नियम पुन्हा लागू होतो. तेव्हा वर्षभरासाठी एकच इशारा-संख्या न ठेवता दोन ठेवाव्यात. २ टक्क्यांच्याच नियमाने कोरड्या आठवड्यासाठी ७ आणि ओल्या आठवड्यासाठी १५ ही संख्या येते. ११ या एकाच संख्येने कोरड्या दिवसांतील ७ ते १० रुग्णांची खरी वाढ नजरेआड झाली असती आणि पावसाळ्यात विनाकारण धावपळ झाली असती.

जेथे नाव सापडत नाही

स्वतंत्रता असूनही बेरजेचे वितरण ओळखीचे निघेलच असे नाही. हिवतापासाठी घेतलेल्या रक्तनमुन्यांचे उदाहरण घेऊ. एका विभागात ४० नमुने घेतले व प्रत्येकात रोगजंतू आढळण्याची संभाव्यता ५ टक्के आहे; दुसऱ्या विभागात ६० नमुने घेतले व संभाव्यता १० टक्के आहे. दोन्हीकडील दूषित नमुन्यांची संख्या द्विपद वितरणाने चालते. बेरजेचे फलन असे होते:

M(t) = (0.95 + 0.05e^t)^40 · (0.90 + 0.10e^t)^60

दोन्ही कंसांतील राशी सारख्या असत्या, तर घातांक मिळवून १०० घाताचे एकच द्विपद फलन मिळाले असते. त्या भिन्न असल्यामुळे तसे होत नाही. '१०० नमुने, सरासरी ८ टक्के' असा एकच द्विपद हिशेब केला, तर प्रचरण ७.३६ येते, खरे प्रचरण १.९ व ५.४ मिळून ७.३ आहे. येथे चूक लहान आहे, पण दोन विभागांतील प्रमाणांत मोठी तफावत असेल तर ती वाढत जाते. अशा वेळी बेरजेला परिचित नाव देण्याचा आग्रह धरू नये. फलनाचा गुणाकार उलगडून e^t च्या प्रत्येक घाताचा सहगुणक घेतल्यास तीच त्या त्या संख्येची संभाव्यता असते. वितरणाला नाव नसले तरी ते पूर्णपणे हाती येते.

काही चलांना तर हे फलनच नसते. ज्यांचे लॉगॅरिथम प्रसामान्य वितरणाने चालते, अशा राशींच्या बाबतीत कोणत्याही धन t साठी e^(tX) ची सरासरी अनंत होते. तेथे परिबल-जनक फलनाचा मार्ग बंद होतो व गणितज्ञ दुसऱ्या फलनाचा आश्रय घेतात. रुग्णसंख्येसारख्या मोजणीच्या नोंदींत, जेथे प्वासाँ किंवा द्विपद वितरण लागू पडते, तेथे ही अडचण येत नाही.

ग्रामीण भागात एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राखालील उपकेंद्रांच्या नोंदी एकत्र करतानाही हीच पद्धत लागू होते. प्रथम उपकेंद्रांच्या सरासऱ्या मिळवाव्यात, इशारा-संख्या मिळवू नयेत. त्यानंतर बेरजेचे प्रचरण तिच्या सरासरीशी आणि उपकेंद्रांच्या प्रचरणांच्या बेरजेशी ताडून पाहावे. दोन्ही जुळले तरच एकत्रित सरासरीवरून काढलेली इशारा-संख्या तक्त्यात लिहावी. न जुळल्यास आठवडे ओले व कोरडे असे वेगळे करून हिशेब पुन्हा मांडावा.